पावडर हिरवी आली, आणि कार्ड मात्र जुळतंय : CoAl2O4 च्या रिपोर्टमधलं डिस्कशन

प्रश्न : सायट्रेट सोल-जेलने CoAl2O4 केलं, ७०० अंशांना ४ तास भाजलं. एक्सआरडी कार्डाशी जुळतं, सिंगल फेज आहे. (३११) चं पीक ३६.८० ला, रुंदी साधारण ०.५५ अंश. पण पावडर निळी न होता काळपट हिरवी आली. यूव्हीमध्ये ५८० आणि ६२५ ला हलके खांदे, ४४० आणि ७२० च्या आसपास मोठे फुगवटे. एफटीआयआरला ५६६ आणि ६६२. सर म्हणतात, डिस्कशनमध्ये सगळं अपेक्षित स्ट्रक्चरशी जुळवून दाखव. कसं लिहू? (एम.एस्सी. दुसरं वर्ष, नागपूर)

उत्तर :

तुमची अडचण लिहिण्याची नाही. एक्सआरडीला तुम्ही जे विचारलं, त्याचं उत्तर देण्याची ताकद त्याच्यात या सॅम्पलपुरती नव्हती. तरीही तुम्ही त्याचं म्हणणं निकाल म्हणून धरलंत, आणि आता बाकीचे साक्षीदार फितूर वाटताहेत. माझ्या मते इथे सगळ्यात खरं बोलतेय ती पावडर. CoAl2O4 म्हणजे थेनारचा निळा. १८०२ पासून रंग म्हणून वापरात आहे. तो झाला असेल तर डोळ्यांना दिसतो. हिरवट-काळा दिसत असेल तर कोबाल्टचा काही भाग दुसरीकडे, दुसऱ्या ऑक्सिडेशन स्टेटमध्ये बसलाय, आणि पहिला संशय Co3O4 वर जातो.

आता गोची अशी की Co3O4 हाही स्पिनेलच. त्याच स्पेस ग्रुपचा, आणि सेलची बाजू जवळपास तेवढीच. CoAl2O4 चा a साधारण ८.१०४ अँगस्ट्रॉम, Co3O4 चा ८.०८४. फरक ०.०२. तांब्याच्या किरणांवर (१.५४०६) हिशोब केला तर पहिल्याचं (३११) ३६.७५ ला येतं, दुसऱ्याचं ३६.८५ ला. अंतर जेमतेम ०.१ अंश. तुमच्या पीकची रुंदीच ०.५५ अंश आहे, म्हणजे शेररच्या सूत्राने स्फटिक १५ नॅनोमीटरच्या आसपास. अर्ध्या अंशाच्या टेकडीखाली ०.१ अंशावरची दोन पीक आरामात झोपू शकतात, आणि सॉफ्टवेअर त्यांना एकच पीक म्हणून दाखवणार. तेव्हा ‘कार्ड जुळलं, सिंगल फेज’ या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा तुमच्या डेटातून निघत नाही.

गंमत बघा. तुमच्या ३६.८० वरून a काढला तर ८.०९४ येतो, म्हणजे दोघांच्या बरोब्बर मध्ये. इथे मोह होतो लिहायचा की ‘हे मूल्य दोन टोकांच्या मधलं आहे, म्हणून सॉलिड सोल्यूशन तयार झालं’. थांबा. सॅम्पलचा पृष्ठभाग होल्डरच्या कडेपेक्षा ०.१ मिलिमीटर खाली दबला असेल, तर १५० मिमी त्रिज्येच्या गोनिओमीटरवर ३७ अंशांजवळचं पीक सुमारे ०.०७ अंश डावीकडे सरकतं. (त्रिज्या यंत्रागणिक वेगळी असते, ऑपरेटरला विचारा.) ०.१ मिलिमीटर म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी. पावडर कागदाच्या जाडीएवढी खाली बसली की Co3O4 चं पीक CoAl2O4 च्या दिशेने निम्म्याहून जास्त वाट चालून येतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक अख्खी मालिका अशीच फसली. जसं तापमान वाढवावं तसा a वाढताना दिसत होता, मी खूश, आलेख काढून भिंतीला लावला. नंतर कळलं की जास्त तापमानाचे नमुने उत्पन्नात कमी आले होते, आणि होल्डर पुरता भरत नव्हता. आलेख पावडरच्या तुटवड्याचा होता.

यावर दोन इलाज आहेत. पावडर उरली असेल तर त्यात थोडं सिलिकॉन मिसळून पुन्हा स्कॅन करा. सिलिकॉनची जागा पक्की माहीत असल्याने सरकणं मोजता येतं. ते शक्य नसेल तर मोठ्या कोनाकडे जा. (४४०) चं पीक CoAl2O4 मध्ये ६५.०५ ला आणि Co3O4 मध्ये ६५.२३ ला येतं, म्हणजे अंतर दुप्पट होतं. उंचीच्या चुकीने होणारं सरकणं मात्र तिथे किंचित कमीच होतं. एकट्या (३११) वरून काढलेला a चार दशांशांपर्यंत लिहिणारे रिपोर्ट मी दरवर्षी वाचतो. त्यातले शेवटचे दोन अंक निव्वळ शोभेचे असतात.

पण खरी माहिती पीकच्या जागेत नाही, उंचीत आहे, आणि तीही दुबळ्या पीकच्या उंचीत. स्पिनेलमध्ये धातूंच्या दोन प्रकारच्या जागा : चार ऑक्सिजनच्या मधली टेट्राहेड्रल आणि सहांच्या मधली ऑक्टाहेड्रल. (३११) मध्ये दोन्ही जागांचं विकिरण एकमेकांत मिळवलं जातं, म्हणून ते नेहमी दणकट. (१११) आणि (३३१) मध्ये मात्र एकातून दुसरं वजा होतं. त्यामुळे ऑक्टाहेड्रल जागी हलकं अ‍ॅल्युमिनियम आहे की जड कोबाल्ट, यावर या दोघांचं नशीब ठरतं. निकाल असा : Co3O4 मध्ये १९ अंशांजवळचं (१११) नीट दिसतं आणि ४९ जवळचं (३३१) जवळजवळ नसतंच. CoAl2O4 मध्ये उलटं. (१११) मरगळलेलं आणि (३३१) छोटं पण स्पष्ट. तुमचा प्लॉट काढून आधी या दोन ठिकाणी बोट ठेवा. १९ ला ठसठशीत पीक असेल आणि ४९ ला सपाट रेघ, तर तुमच्या एक्सआरडीतच उत्तर होतं, कार्डाच्या रेघा मोजण्याच्या नादात ते निसटलं.

पण एक अडचण लक्षात ठेवा. तांब्याच्या किरणांनी कोबाल्ट स्वतःच क्ष-किरण ओकू लागतं, त्याला फ्लुओरेसन्स म्हणतात. त्याने बॅकग्राउंड वर चढतो आणि नेमकी दुबळी पीक त्यात बुडतात. मोनोक्रोमेटर नसलेल्या यंत्रावर दहा मिनिटांत उरकलेला स्कॅन असेल तर ‘(३३१) दिसत नाही’ याला काही अर्थ नाही. कदाचित काहीच दिसण्यासारखं नव्हतं. अशा वेळी १७ ते २१ आणि ४७ ते ५१ एवढेच दोन तुकडे सावकाश, प्रत्येक पायरीवर पाच-दहा सेकंद थांबून घ्यायला सांगा. अख्खा स्कॅन पुन्हा मागितलात तर नंबर महिन्याने लागेल. दोन तुकडे लोक चहाच्या वेळेत करून देतात.

आता यूव्ही. इथे तुमचा डेटा बोलका आहे. टेट्राहेड्रल Co2+ चे ५४५, ५८० आणि ६२५ नॅनोमीटरच्या आसपास तीन शोषणपट्टे एकत्र येतात. निळ्या रंगाचं कारण तेच. तुमचे ५८० आणि ६२५ चे खांदे म्हणजे थोडं तरी काम झालंय. ४४० आणि ७२० चे रुंद फुगवटे मात्र Co3O4 सारख्या परिसराची खूण आहेत, जिथे ऑक्टाहेड्रल जागी Co3+ बसलेलं असतं. Co3O4 जवळपास सगळा दृश्य प्रकाश गिळतो, म्हणून तो प्रमाणात थोडा असला तरी निळ्याला झाकोळतो. त्यामुळे ‘फुगवटा मोठा म्हणून Co3O4 जास्त’ असं प्रमाण इथून काढू नका. आहे एवढंच म्हणा.

एफटीआयआरबद्दल थोडक्यात, कारण ते इथे फार मदत करत नाही. बहुतेक रिपोर्टांत वाक्य ठरलेलं असतं : ‘६०० जवळचा पट्टा टेट्राहेड्रल, ४०० जवळचा ऑक्टाहेड्रल’. ही वाटणी १९५५ मध्ये वॉल्ड्रनने फेराइटसाठी केली. अ‍ॅल्युमिनेटवर ती चिकटवता येत नाही. तिथले वरचे पट्टे प्रामुख्याने ऑक्टाहेड्रल अ‍ॅल्युमिनियम-ऑक्सिजन जाळ्याचे मानले जातात. CoAl2O4 मध्ये सहसा तीन पट्टे दिसतात, ६६५, ५५५ आणि ५०५ च्या आसपास. Co3O4 मध्ये दोन, ६६५ आणि ५७० जवळ. तुमचे ५६६ आणि ६६२ दुसऱ्या यादीशी जास्त जमतात, आणि ५०५ चा उल्लेख तुम्ही केला नाहीत. तो खरंच नाही की खांदा म्हणून लपलाय, ते बघा. पट्टे रुंद असतील तर यावर निकाल टांगू नका.

मग प्रश्न उरतो : कोबाल्ट Co3O4 मध्ये गेलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम गेलं कुठे? तुम्ही ते मोजून टाकलं होतं, ते उडून जात नाही. हा प्रश्न डिस्कशनमध्ये कोणी विचारलेला मला क्वचितच दिसतो, आणि खरं तर तिथूनच सगळं जुळायला लागतं. ७०० अंशांना अ‍ॅल्युमिना बहुतांश विस्कळीतच असतं, त्याला धारदार पीक नसतात. एक्सआरडीच्या दृष्टीने ते खोलीत असून नसल्यासारखं. म्हणजे ‘दुसऱ्या फेजचं पीक नाही’ हे वाक्य खरं असूनही सॅम्पलचा मोठा भाग हिशोबाबाहेर राहू शकतो.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही, तराजू पुरतो. कोबाल्ट सगळं Co3O4 मध्ये आणि अ‍ॅल्युमिनियम सगळं Al2O3 मध्ये आहे असं टोकाचं गृहीत धरा. अशा मिश्रणाचं एका कोबाल्टमागे वजन १८२.२३, आणि त्यातून होणाऱ्या CoAl2O4 चं १७६.८९. मधला फरक म्हणजे Co3+ चं Co2+ होताना सुटणारा ऑक्सिजन, २.९ टक्के. तेव्हा तुमची पावडर अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत आधी ७०० ला तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि समजा २.००० ग्रॅम घ्या. मग १००० अंशांना ४ तास भाजून पुन्हा वजन करा. घट जास्तीत जास्त ५९ मिलिग्रॅम येऊ शकते. समजा ३५ आली, तर त्या टोकाच्या स्थितीच्या साठ टक्के Co3+ तुमच्याकडे होतं असा अंदाज निघतो. ७०० ला पुन्हा तापवण्याची पायरी गाळू नका. सायट्रेटचा उरलेला कार्बन आणि चिकटलेलं पाणी याच घटीत मिसळलं तर आकडा फुगतो. ती पायरी केली तरी थोडं पाणी ७०० च्या पुढेही सुटतं, म्हणून आकड्याला ‘जास्तीत जास्त’ म्हणा.

मुशीतून पावडर निळी बाहेर आली तर निम्मं डिस्कशन तिथेच लिहून झालं. Co3O4 हवेत ९०० अंशांच्या पुढे CoO मध्ये मोडतं, आणि ते Co2+ अ‍ॅल्युमिनाशी जोडलं जाऊन स्पिनेल होतं. ७०० ला हे पूर्ण का झालं नाही, तेही त्यातून कळतं : तिथे Co3O4 स्थिर आहे, आणि धातूंना एका कणातून दुसऱ्यात सरकायला पुरेशी उष्णता नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या डेटातून सुटणार नाही, आणि ती तशी लिहा. Co3O4 आणि CoAl2O4 यांचं वेगवेगळं मिश्रण आहे, की अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागी Co3+ घुसलेला एकच स्पिनेल? वजनातली घट दोन्हींत येते, यूव्हीतले फुगवटे दोन्हींत येतात, आणि रुंद पीक दोघांनाही झाकतात. मिश्रण की एकच, हे ठरवायला मोठे स्फटिक किंवा दुसरं तंत्र लागेल.

तर परिच्छेद साधारण असा लिहा. तुम्ही इंग्रजीत लिहाल, मी आपल्या भाषेत सांगतो :

‘एक्सआरडीतील सर्व पीक स्पिनेल चौकटीशी जुळतात. तथापि CoAl2O4 आणि Co3O4 यांच्या (३११) मधील अपेक्षित अंतर ०.१ अंश आहे, आणि निरीक्षित रुंदी ०.५५ अंश असल्याने या मापनातून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ४४० व ७२० नॅनोमीटरजवळचं शोषण आणि पावडरचा हिरवट काळा रंग ऑक्टाहेड्रल Co3+ दर्शवतात. ५८० व ६२५ चे खांदे टेट्राहेड्रल Co2+ दर्शवतात. म्हणून ७०० अंशांवरील उत्पादन हे अपूर्ण अभिक्रियेचं असून उरलेलं अ‍ॅल्युमिनियम अस्फटिक अ‍ॅल्युमिनाच्या किंवा मिश्र स्पिनेलच्या रूपात असावं. १००० अंशांवर पुन्हा भाजल्यावर रंग निळा झाला व वजन अमुक टक्के घटलं, हे या अर्थाशी सुसंगत आहे.’

शेवटचं वाक्य अर्थातच प्रयोग करून झाल्यावरच. आणि ‘अमुक’च्या जागी जो आकडा येईल तोच. सरांना ‘जुळवून दाखव’मध्ये हेच हवं असणार, असं मी धरून चालतो.

निळी पावडर आल्यावर आणखी एका ठिकाणी पाय घसरतो. लोक लिहितात, ‘Co2+ क्रिस्टल फील्डमुळे टेट्राहेड्रल जागा पसंत करतं, म्हणून नॉर्मल स्पिनेल’. हिशोब करा. टेट्राहेड्रलमध्ये d७ ची स्थिरता १.२ गुणिले टेट्राहेड्रल डेल्टा, आणि तो डेल्टा ऑक्टाहेड्रलच्या ४/९ धरला तर ०.५३ येतं, ऑक्टाहेड्रलमध्ये ०.८. म्हणजे फक्त क्रिस्टल फील्ड विचारलं तर Co2+ सुद्धा ऑक्टाहेड्रलकडेच झुकतं. फरक इतकाच की हा ओढा लहान आहे, Al3+ ऑक्टाहेड्रल जागा सहजी सोडत नाही, आणि Co2+ ला टेट्राहेड्रल जागेत राहायला फारसा तोटा होत नाही. शिवाय पूर्ण नॉर्मलही म्हणू नका. थोडीफार अदलाबदल असतेच, ती भाजण्याच्या तापमानावर आणि थंड करण्याच्या वेगावर ठरते, आणि तुमचा यूव्ही ती पकडू शकत नाही. कारण ऑक्टाहेड्रल Co2+ चे पट्टे टेट्राहेड्रलच्या मानाने फार फिके असतात. ‘प्रामुख्याने नॉर्मल, अदलाबदल मोजली नाही’ एवढं पुरे.

आणि १००० ला भाजूनही पावडर काळपटच राहिली तर? मग चूक भट्टीत नाही, तराजूवर झालेली असेल. दोन ग्रॅम CoAl2O4 साठी ८.४८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट (नऊ पाण्याचं) आणि ३.२९ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट (सहा पाण्याचं) लागतं. दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की बाटली उघडी राहिली तरी फार बिघडत नाही. पण जुलैत, पाऊस लागला की, तीच बाटली तळाशी चिकचिकीत होते. अ‍ॅल्युमिनियम नायट्रेटने पाच टक्के जास्तीचं पाणी धरलं असेल तर तुम्ही अ‍ॅल्युमिनियम पाच टक्के कमी टाकलंत. तेवढ्याच प्रमाणात कोबाल्टला जोडीदार मिळत नाही, आणि ते १००० ला CoO होऊन भट्टी थंड होताना पुन्हा Co3O4 होतं. तसं असेल तर (४४०) ची जागा CoAl2O4 वर नीट येईल, ६२५ चा पट्टा ठळक दिसेल, आणि तरीही निळ्यावर काजळी बसल्यासारखी छटा राहील. तुम्ही जेल कोणत्या महिन्यात केलं, ते वहीत तारखेवरून बघा.